दोन किलो मटण की एक चमचा: एका पैलवानाच्या क्रिएटिनचा हिशेब

जून महिन्यात, जत्रांची मैदानं संपल्यावर, कोल्हापुरातल्या एका तालमीतला चोवीस वर्षांचा पैलवान माझ्याकडे आला. वजन ८१ किलो, लढतो ७९ किलो गटात. सोबत वस्तादही होते. दोघांचं आपसात जमलं नव्हतं, म्हणून तिसऱ्या माणसाकडे आले होते. पोराच्या जोडीतले दोघं क्रिएटिनची पावडर घ्यायला लागले होते आणि त्यालाही ती हवी होती. वस्तादांचं म्हणणं एका वाक्यात होतं, "मॅडम, हे मटणातलंच सत्त्व आहे म्हणतात ना? मग मटणच खाऊ दे की. डबा कशाला?"

वस्तादांचा प्रश्न मला आवडला, कारण त्यातला पहिला भाग अगदी बरोबर आहे. क्रिएटिन हे नावच मांसावरून पडलं आहे. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला आणि ग्रीक भाषेत मांसाला जो शब्द आहे त्यावरून त्यानं त्याचं नाव ठेवलं. बोकड असो, कोंबडी असो, नाहीतर मासा, स्नायू म्हटला की त्यात क्रिएटिन असतंच. जोर मारताना किंवा प्रतिस्पर्ध्याला झटक्यात उचलताना पहिल्या काही सेकंदांची ताकद लागते. ती ज्या साठ्यातून निघते, तो साठा क्रिएटिनच्या आधारानं भरलेला असतो. म्हणजे मटणात ते आहे का, हा वादाचा मुद्दाच नव्हता. किती आहे आणि पोटात किती पोचतं, एवढंच पाहायचं होतं. म्हणून मी त्या दिवशी ना पावडरीची बाजू घेतली ना मटणाची. सात दिवस जे काही खाल ते लिहून आणा, एवढंच सांगितलं. मटण आणाल तर दुकानातल्या काट्यावरचं वजन लिहा, हाडासकट की बिनहाडाचं तेही लिहा. शिजवून उरलेल्या पाण्याचं काय केलं तेही लिहा, असं म्हटल्यावर वस्तादांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं.

सात दिवसांची वही

वही आली ती नीट लिहिलेली होती. तालमीत तीन पोरं एका खोलीत राहून स्वतःच रांधतात, त्यामुळे वजनं पक्की होती. सोमवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशी मांस नाही. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, आणि शनिवार मारुतीचा. शनिवारी तालमीत अंडंसुद्धा शिजत नाही. उरले चार दिवस. बुधवारी आणि रविवारी मटण, मंगळवारी उकडलेलं बोनलेस चिकन, शुक्रवारी हाडासकट चिकनचा रस्सा. रोज दोन लिटर म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, तूप, केळी, आणि मांसाच्या दिवशी सहा अंडी. कुणीही पाहिलं तर म्हणेल, खुराक भरपूर आहे. प्रथिनांच्या दृष्टीनं तो खरोखरच भरपूर होता.

क्रिएटिनचा हिशेब मात्र वेगळा लागतो. इथे मी जे आकडे धरले ते कच्च्या मांसाचे आहेत: लाल मांसात किलोमागे साधारण साडेचार ग्रॅम, चिकनमध्ये चार ग्रॅम, दुधात किलोमागे ग्रॅमचा दहावा हिस्सा. अंड्यात नाव घेण्याइतकं नाही. बदाम, तूप, केळी, डाळी यांत नाहीच. ज्या थंडाईवर तालमीत सगळ्यात जास्त मेहनत होते, सकाळी अर्धा तास बदाम घोटले जातात, तिचा या खात्यात जमा शून्य. थंडाईला नावं ठेवायला हे सांगत नाही. तिचं काम दुसरं आहे.

मटणाचं वजन मोजतानाच पहिली गळती दिसते. रविवारी एक किलोच्या वर आणलं होतं, तिघांत वाटून याच्या वाट्याला पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास आलं. पण ते हाडासकट. हाड, पडदा, चरबी वगळली की हातात अडीचशे-दोनशेसाठ ग्रॅम मांस उरतं. नळीतला मगज म्हणजे चरबी, त्यात क्रिएटिन नाही. तो चोखून खाल्ला तर चव मिळते आणि उष्मांक मिळतात, बस. बुधवारचं मटणही तेवढंच. दोन्ही मिळून मांस ५२० ग्रॅम, म्हणजे कच्च्या हिशेबानं २.३ ग्रॅम क्रिएटिन. चिकनचे दोन दिवस मिळून ५३० ग्रॅम मांस, त्यात २.१ ग्रॅम. आठवड्याचं चौदा लिटर दूध, त्यात १.४ ग्रॅम.

दुधाचा हा आकडा पाहून मीही क्षणभर थांबले. किलोमागे इतकं क्षुल्लक प्रमाण, तरी केवळ चौदा लिटरमुळे तो आकडा मटणाच्या निम्म्याहून जास्त झाला. पैलवान सोडून दुसऱ्या कुणाच्या वहीत हे दिसणार नाही.

एकूण झाले ५.८ ग्रॅम. त्यात शिजवण्यातली गळती धरायची, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. मांसातला चौथा हिस्सा गेला असं धरलं तर आठवड्याचे उरतात पावणेपाच ग्रॅम. दिवसाला सरासरी ०.७ ग्रॅम.

मी वस्तादांना पावडरीच्या डब्यातला प्लॅस्टिकचा छोटा चमचा दाखवला. त्यात एका वेळी पाच ग्रॅम मावतात. आठवडाभराचा सगळा खुराक, दोन मटणं, दोन चिकनं आणि चौदा लिटर दूध मिळून, या एका चमच्याएवढा भरला होता. वस्तादांनी चमचा हातात घेतला, उलटा केला, आणि म्हणाले, "वही खोटी असंल." पोरानं मान खाली घातली. वही खोटी नव्हती.

मग शरीर चालतं कसं?

वस्तादांची शंका रास्त होती: एवढंच मिळत असेल तर बाकीचे लोक जगतात कसे? माळकरी पैलवान तर मांसाला हातच लावत नाहीत.

शरीर क्रिएटिन स्वतः बनवतं. सुरुवात मूत्रपिंडात होते आणि शेवट यकृतात. आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्लं कामी येतात, आणि ती साध्या जेवणातूनही मिळतात. मोठ्या माणसात रोज साधारण एक ग्रॅम असं घरचं उत्पादन होतं. दुसऱ्या बाजूला रोजची झीज असते. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, बहुतेक सगळं स्नायूंत. त्यातलं दीड-पावणेदोन टक्के रोज आपोआप क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थात बदलतं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणजे रोजचा खर्च दोन ग्रॅमच्या आसपास, घरचं उत्पादन एक ग्रॅम, आणि बाकीचं मांस खाणाऱ्याला ताटातून मिळतं. माळकऱ्याला ते ताटातून मिळत नाही, म्हणून त्याचा साठा थोड्या खालच्या पातळीवर स्थिरावतो. साठा कमी की झीजही कमी, आणि हिशेब तिथे जुळतो. त्यानं काही आजार होत नाही.

इथे एक घोटाळा होतो. ताटातलं क्रिएटिन झीज भरून काढतं, पण स्नायूंचा साठा भरायला आणखी जागा शिल्लक असते. नेहमीचं जेवणाऱ्या माणसाच्या स्नायूत जेवढं क्रिएटिन असतं, त्यापेक्षा सरासरी वीस टक्के जास्त तिथे मावू शकतं. ही वरची जागा भरणं हेच पावडर घेणाऱ्यांचं काम. १९९२ साली रॉजर हॅरिस आणि स्वीडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूचे तुकडे काढून हे मोजलं. पाच-पाच ग्रॅमचे डोस दिवसातून चार ते सहा वेळा दिल्यावर काही दिवसांत साठा वर चढला. त्याच कामात त्यांनी एक ग्रॅम आणि पाच ग्रॅम यांचीही तुलना केली होती. एक ग्रॅम किंवा त्याहून कमी दिलं तर रक्तातली पातळी जेमतेम हलली, आणि एक ग्रॅम म्हणजे किती? त्यांच्याच हिशेबानं, पाव किलोहून थोडं कमी कच्च्या मांसाएवढं. पाच ग्रॅमनं मात्र ती एकदम उंच गेली. पुढे १९९६ मध्ये याच मंडळींपैकी काहींनी दाखवलं की घाई नसेल तर रोज तीन ग्रॅम अठ्ठावीस दिवस घेतलं तरी साठा त्याच पातळीला पोचतो.

म्हणजे वस्तादांच्या पोरासाठी खरा आकडा पाच नव्हे, तीन ग्रॅमही चालणार होता. मी मुद्दाम तीन ग्रॅमच धरून ताट मांडायला घेतलं, कारण पाच धरून मटण हरलं असतं तर ती लबाडी झाली असती.

तीन ग्रॅम रोज. त्यातले ०.२ दुधातून आले. उरले २.८. शिजवण्यातला चौथा हिस्सा जाणार, म्हणून कच्च्यात पावणेचार ग्रॅम असायला हवेत. म्हणजे बिनहाडाचं मटण ८३० ग्रॅम, हाडासकट घेतलं तर सव्वा किलोच्या आसपास. रोज. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारीसुद्धा, कारण साठा भरताना मधे तीन दिवस खाडे पडले तर बाकीच्या चार दिवसांत दुपटीच्या जवळ खावं लागतं. पाच ग्रॅम धरले असते तर हाडासकट दोन किलोवर गेलो असतो.

किलोला सात-आठशे रुपये भाव धरला तरी सव्वा किलो म्हणजे रोजचे नऊशे ते हजार. पैसा कुणी दिला तरी पोट कसं देणार? एवढ्या मांसातून पावणेदोनशे ग्रॅम प्रथिनं एकट्या मटणातून येतात. त्याची दिवसभराची गरज जास्तीत जास्त तेवढीच, आणि ती दूध, अंडी, डाळ यांतून आधीच निम्मी भागलेली. वर बोकडाची चरबी. भाकरी-भाताला ताटात जागाच उरत नाही, आणि सकाळी तीन तास जोर-बैठका आणि लढती करणाऱ्या पोराला ताकद भाकरी-भातातून येते. क्रिएटिनचा साठा भरायच्या नादात रोजचं इंधन कमी पडलं असतं.

वस्तादांनी मग त्यांचा हुकमी एक्का काढला. "पाया आणि वजडी द्या, त्यात जीव असतो." हाडं, कातडी, शिरा यांचा पाया शिजवला की त्यातून जिलेटिन उतरतं आणि त्यात ग्लायसिन भरपूर असतं. क्रिएटिन बनवायला ग्लायसिन लागतं, म्हणून कुणाला वाटेल की कच्चा माल वाढवला की माल वाढेल. तसं होत नाही. शरीराचा कारखाना कच्च्या मालावर अडलेला नसतो, किती बनवायचं हे तो स्वतः ठरवतो, आणि बाहेरून क्रिएटिन आलं तर उलट घरचं उत्पादन मंदावतं. वजडी आणि कलेजीत क्रिएटिन फारसं नसतं. यकृतात ते तयार होतं खरं, पण तिथे साठत नाही. तिथून रक्तात सोडलं जातं आणि स्नायू उचलून घेतात. म्हणून क्रिएटिन हवं असेल तर दुकानदाराकडून मांडी मागायची, वजडी नव्हे. पाया थंडीत प्यायला छान लागतो, मी स्वतःही पिते.

मासे खाऊन भागेल?

पोराचा मामा मालवणकडचा. त्याचा प्रश्न होता की मासळीत जास्त असतं असं ऐकलंय. हे ऐकलेलं खोटं नाही. क्रिएटिनच्या यादीत सगळ्यात वर हेरिंग नावाचा मासा असतो, किलोमागे साडेसहा ते दहा ग्रॅम. पण हा उत्तर अटलांटिकचा मासा. तारली-पेडव्यांचा दूरचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही, पण मालवणच्या बाजारात तो मिळत नाही. सामन साडेचार, ट्यूना चार, कॉड तीन, चपटा प्लेस मासा दोन ग्रॅम. म्हणजे हेरिंग सोडला तर मासळी मटणाच्याच रांगेत उभी आहे, काही जागी तिच्याही मागे. आणि बांगड्याचं डोकं, पोट, काटा वजा केला की किलोतला निम्म्याच्या थोडा वर भाग खाण्यात येतो.

त्यातही एक मोठा खड्डा आहे, जो कोकणातल्या माणसाला ठाऊक असायला हवा. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, कालवं, माकूल यांच्यात क्रिएटिन जवळजवळ नसतं. कारण गमतीशीर आहे. कणा असलेले प्राणी झटक्याची ताकद क्रिएटिनच्या आधारानं साठवतात, तर कवचाचे आणि शिंपल्यातले हे प्राणी त्याच कामासाठी आर्जिनिन वापरतात. काम तेच, पण भांडं वेगळं. त्यामुळे सहा दिवस कोळंबीचं सुकं खाऊन कुणी "मी मासे खातो, मला क्रिएटिन मिळतंच" म्हणाला, तर त्याचा जमाखर्च थंडाईसारखाच कोरा.

रस्सा, उकड आणि एक घाबरवणारा रिपोर्ट

शिजवण्यातली गळती मी चौथा हिस्सा धरली. हा आकडा सगळ्या घरांत सारखा नसतो, पदार्थ कसा केला त्यावर ठरतो. वाटा दोन आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली वाट पाण्याची. क्रिएटिन पाण्यात विरघळतं. मटण कुकरला लावलं की मांसातला रस बाहेर येतो आणि त्याच्याबरोबर क्रिएटिनही अळणीत उतरतं. म्हणून कोल्हापुरी जेवण इथे फायद्यात आहे. अळणी पाण्यावरच पांढरा रस्सा होतो, त्यावरच तांबडा, आणि ताटातली वाटी पुन्हापुन्हा भरली जाते. जे पाण्यात गेलं ते वाटीतून परत पोटात येतं. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावानं मांसाचा घट्ट अर्क विकला जायचा. सुमारे तीस किलो मांस उकळून एक किलो अर्क निघायचा, आणि मांसातलं विरघळणारं सगळं, क्रिएटिन धरून, त्यात जमा व्हायचं. आपलं अळणी त्याच जातीचं, फक्त पातळ.

पोराच्या वहीत मात्र मंगळवारी लिहिलं होतं: बोनलेस चिकन उकडलं, पाणी ओतून दिलं. जिममधल्या कुणीतरी सांगितलं होतं की उकडीचं पाणी "घाण" असतं. घाण वगैरे काही नव्हती. चिकन विकत घ्यायचं आणि त्याचं क्रिएटिन मोरीत सोडायचं, असा तो प्रकार होता.

दुसरी वाट उष्णतेची. फार वेळ, फार आचेवर शिजवलं की क्रिएटिनचं रूपांतर क्रिएटिनिनमध्ये होतं. पदार्थात आंबटपणा असेल तर ते आणखी सोपं होतं. नाव एका अक्षराच्या फरकाचं, पण दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक. क्रिएटिनिन स्नायूला काही उपयोगाचं नाही, आणि पोटात गेलेलं क्रिएटिनिन शरीर परत क्रिएटिन बनवू शकत नाही. ते रक्तात येतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. रस्सा प्यायला तरी ही गळती भरून निघत नाही.

ही दुसरी गळती एरवी दिसत नाही. आमच्या प्रकरणात ती कागदावर दिसली, आणि तिनं सगळ्यांना घाबरवलं.

पावडर सुरू करण्याआधी मी रक्त-लघवीची तपासणी सांगितली होती. ती त्यानं सोमवारी सकाळी दिली. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.४२ आणि शेजारी लाल बाण. प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.३. वस्तादांचा फोन आला तो रागातच, "बघा, पावडरीनं किडनी गेली." मी म्हटलं, वस्ताद, डबा अजून उघडलेला नाही. पलीकडे शांतता.

वही काढली. रविवारी दुपारी मटण, रात्री उरलेलं मटण पुन्हा तापवून. दोनदा शिजलेलं. रविवारी सकाळी लढतींचा सराव, सोमवारी उपाशीपोटी रक्त. शिजलेल्या मांसातलं आयतं क्रिएटिनिन रक्तात आलं होतं, वर अंगात स्नायू भरपूर, म्हणजे घरची झीजही जास्त. जेवणातल्या शिजलेल्या मांसानं रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं हे १९७९ मध्येच छापून आलेलं आहे, पण तपासणीला जाणाऱ्याला "आदल्या दिवशी मटण नको" हे सांगणारं कुणी भेटत नाही. आमच्याकडे चूक माझी. मीच सांगायला विसरले होते.

फिजिशियनच्या सल्ल्यानं दुसऱ्यांदा शुक्रवारी सकाळी रक्त दिलं. गुरुवार दत्ताचा, म्हणून मांस नाहीच, आणि बुधवारीही मी मटण बंद ठेवलं होतं. गुरुवारी मेहनतही हलकी. आकडा आला १.१५. लघवीत प्रथिनं नव्हती. डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी ही आणखी एक तपासणी करून घेतली, जिच्यावर मांसाचा असा परिणाम होत नाही. तीही बरोबर निघाली. हाच आकडा आधी मिळाला नसता आणि पावडर सुरू झाल्यावर पहिल्यांदा १.४२ दिसला असता, तर दोष डब्यावर गेला असता आणि कुणी ऐकून घेतलं नसतं. त्यात पावडर घेताना क्रिएटिनिन स्वतःच थोडं वाढतं, कारण साठा वाढला की झीजही वाढते. म्हणून आधीचा स्वच्छ आकडा हातात असणं गरजेचं.

एक गैरसमज मात्र खोडला पाहिजे. मटणातलं क्रिएटिन अंगाला लागत नाही, असं नाही. हॅरिस यांनीच २००२ मध्ये दोन ग्रॅम क्रिएटिन पाण्यातून आणि तेवढंच मांसातून देऊन पाहिलं. मांसातून आलेलं रक्तात सावकाश चढलं, कमी उंचीवर गेलं आणि जास्त वेळ टिकलं, पण एकूण शोषण जवळपास सारखं होतं. पचनाचा काही दोष नाही. ताटात मुळात माल कमी असतो आणि तो चुलीवर आणखी कमी होतो, एवढीच अडचण आहे.

काय ठरलं

सुरुवातीला रोज वीस ग्रॅम घ्यायचा आठवडा आम्ही टाळला. त्यानं पहिल्या आठवड्यात एक-दीड किलो वजन पाण्याचं वाढतं, आणि ७९ किलो गटातल्या पोराला ते पाणी वजनाच्या दिवशी पुन्हा तोडावं लागतं. त्याऐवजी रोज तीन ग्रॅम, जेवणाबरोबर, जूनपासूनच, म्हणजे दिवाळीनंतर मैदानं सुरू होईपर्यंत वजन कुठे थांबतं हे कळायला वेळ मिळतो. साधं मोनोहायड्रेट, बिनचवीचं, कुठलंही मिश्रण नसलेलं. क्रिएटिन उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही, पण डब्यात दुसरं काही मिसळलेलं असलं तर पकडला जातो पैलवान, कंपनी नाही. म्हणून बॅचची स्वतंत्र तपासणी झालेलाच डबा घ्यायला लावला. रोजचा खर्च दहा-पंधरा रुपयांच्या आत बसला.

तालमीतला आणखी एक पोरगा माळकरी आहे. त्यानं विचारलं, माझ्यासाठी हे जास्त की कमी उपयोगाचं? त्याचा साठा मुळात खालच्या पातळीवर, म्हणून भरायला जागा जास्त. शाकाहारी लोकांत वाढ जास्त दिसते ती यामुळे. त्याच्यासाठी मी मांसाचा हिशेब मांडलाच नाही. शून्य गुणिले काही, शून्यच.

मटण आम्ही कमी केलं नाही. लोह, जस्त, बी-१२ ही खाती मटण भरतं आणि पावडर भरत नाही. बदललं ते एवढंच: मंगळवारच्या चिकनचं पाणी आता आमटीत जातं, आणि रविवारचं मटण रात्री पुन्हा उकळायच्या ऐवजी दुपारीच संपतं. चार आठवड्यांत पोराचं वजन नऊशे ग्रॅमनी वाढलं. त्यातलं किती पाणी आणि किती काय, हे स्नायूचा तुकडा काढल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही आणि मी सांगितलंही नाही.

वस्तादांचा शेवटचा प्रश्न वेगळ्याच दिशेनं आला. दाराशी चपला घालता घालता ते म्हणाले, "मॅडम, हे मटणातलंच सत्त्व ना? मग शनिवारी चालतं का?"

मी सांगितलं की डब्यातलं क्रिएटिन मांसातून काढत नाहीत. कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून ते बनवतात, त्यात प्राण्याचा अंश येत नाही. फक्त जिलेटिनच्या कॅप्सूलमधलं घेऊ नका, सुटी पावडर घ्या. वस्तादांनी दोनदा विचारून खात्री केली. आता शनिवारी सकाळी पोरं मारुतीला तेल वाहून येतात, आणि मग केळ्याबरोबर चमचा.